आरएसआय ७० च्या वर जाणे हा विक्रीचा आदेश नव्हे

“आरएसआय ७० च्या वर गेला म्हणजे शेअर ओव्हरबॉट झाला, म्हणजेच महाग झाला. आता घेणारे संपले, त्यामुळे भाव पडणारच. हा आरएसआय बनवणाऱ्याचाच नियम आहे. कोणत्याही शिखराचा चार्ट काढून बघा, तिथे आरएसआय ७० च्या वरच दिसेल. ७० वर विका आणि ३० वर घ्या, एवढे पाळले तरी पुरे.”

गुंतवणूकदारांमध्ये फिरणाऱ्या या मजकुरात पाच वेगवेगळी विधाने एकमेकांना चिकटवलेली आहेत आणि त्यांतले एखादे खरे वाटले की बाकीचीही आपोआप मान्य होऊन जातात. म्हणून त्यांचा विचार सुटासुटा करणे आवश्यक आहे. पहिल्या विधानापाशी थोडे जास्त थांबावे लागेल, कारण आरएसआय, म्हणजे रिलेटिव्ह स्ट्रेंथ इंडेक्स हा भावांवरून काढलेला ० ते १०० मधला आकडा, नेमके काय मोजतो हे एकदा स्पष्ट झाले की पुढच्या बऱ्याच गोष्टी त्यातूनच उलगडतात.

आरएसआय काढण्यासाठी लागते ती फक्त बंद भावांची यादी. गेल्या १४ सत्रांपैकी ज्या दिवशी बंद भाव आदल्या दिवसापेक्षा वर गेला, त्या दिवसांची वाढ एका बाजूला मांडायची आणि ज्या दिवशी तो खाली आला, त्या दिवसांची घट दुसऱ्या बाजूला मांडायची. दोन्ही बेरजांना १४ ने भागले की सरासरी वाढ आणि सरासरी घट मिळते. त्यांच्यावरून काढायचे सूत्र असे आहे:

```
RS  = AvgGain / AvgLoss
RSI = 100 - 100 / (1 + RS)
```

हेच सूत्र थोडे फिरवून लिहिले की त्याचा अर्थ अधिक सहज कळतो:

```
RSI = 100 * AvgGain / (AvgGain + AvgLoss)
```

म्हणजे भावाची दोन्ही दिशांना मिळून जेवढी हालचाल झाली, तिच्यातला किती टक्के वाटा वरच्या दिशेचा होता, एवढेच हा आकडा सांगतो. आरएसआय ७० असणे म्हणजे एकूण हालचालीतला सत्तर टक्के भाग चढाचा आणि तीस टक्के भाग उताराचा असणे. कंपनीचा नफा, प्रति शेअर मिळकत, पुस्तकी मूल्य, कर्ज किंवा पी/ई गुणोत्तर यांपैकी काहीही या सूत्रात कुठेच येत नाही. शेअर महाग आहे की स्वस्त, हे ज्या गोष्टींवरून ठरते त्यांतली एकही गोष्ट ज्या आकड्यात नाही, तो आकडा महागपणाचा पुरावा कसा होईल?

त्याहून महत्त्वाची आणि क्वचितच सांगितली जाणारी बाब अशी की भाव किती वाढला हेसुद्धा आरएसआय सांगत नाही. दोन काल्पनिक शेअर घेऊ, दोघांचाही भाव सुरुवातीला ५०० रुपये. पहिला शेअर १४ सत्रांपैकी ११ सत्रांत रोज ५० पैशांनी वाढला आणि ३ सत्रांत रोज ४० पैशांनी घटला. त्याची एकूण वाढ साडेपाच रुपये आणि एकूण घट एक रुपया वीस पैसे, म्हणून आरएसआय ८२ येतो. दुसरा शेअर ९ सत्रांत रोज १२ रुपयांनी वाढला आणि ५ सत्रांत रोज ११ रुपयांनी घटला. त्याची एकूण वाढ १०८ रुपये आणि एकूण घट ५५ रुपये, म्हणून आरएसआय ६६ येतो. आता या काळात दोघांचे भाव कुठे पोहोचले ते पाहावे. पहिला ५०४ रुपये ३० पैशांवर आहे, म्हणजे एक टक्काही वाढलेला नाही, आणि तरी तो ओव्हरबॉट ठरतो. दुसरा ५५३ रुपयांवर आहे, म्हणजे साडेदहा टक्क्यांहून अधिक चढलेला आहे, आणि तो मात्र ओव्हरबॉट नाही. ७० ची रेषा ओलांडलेला शेअर म्हणजे फार वर गेलेला शेअर, ही समजूत या एका उदाहरणानेच टिकत नाही. आरएसआय मोजतो तो चढाचा एकसारखेपणा, म्हणजे चढताना मध्ये किती कमी अडथळे आले ते. उंची मोजणे हे त्याचे कामच नाही.

घेणारे संपल्याचा मुद्दा तुलनेने लवकर निकाली निघतो. बाजारात झालेल्या प्रत्येक व्यवहारात एक घेणारा आणि एक देणारा असतो, आणि किती शेअरांची उलाढाल झाली हा आकडा आरएसआयच्या सूत्रात नाहीच. त्यामुळे खरेदीदार उरले आहेत की नाहीत हे त्यावरून कळण्याचा काही मार्ग नाही. मात्र या विधानाच्या मुळाशी एक अधिक सूक्ष्म गैरसमज आहे आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. आरएसआय १०० च्या पुढे जाऊ शकत नाही, म्हणून ८० वरून तो कधी ना कधी खाली येणार हे खरेच आहे. पण आरएसआय खाली येणे आणि भाव खाली येणे या दोन वेगळ्या घटना आहेत. आरएसआयला कमाल मर्यादा आहे, भावाला तशी मर्यादा नाही.

हेही आकड्यांत पाहता येते. त्यासाठी आरएसआय रोज पुढे कसा सरकतो हे माहीत हवे. पहिल्या १४ सत्रांची साधी सरासरी काढून झाल्यावर पुढे दररोज जुन्या सरासरीला १३ ने गुणायचे, त्यात आजची वाढ मिळवायची आणि बेरजेला १४ ने भागायचे, घटीचेही तसेच. समजा एखाद्या शेअरची सरासरी वाढ ४ रुपये आणि सरासरी घट १ रुपया आहे, म्हणजे आरएसआय ८० आहे. यानंतर तो शेअर एक दिवस २ रुपयांनी वर, दुसऱ्या दिवशी २ रुपयांनी खाली, असा जागच्या जागी हलत राहिला, तर दहा सत्रांनंतर आरएसआय ७० च्या आसपास येतो आणि वीस सत्रांनंतर ६२ च्या आसपास. भाव मात्र जिथे होता तिथेच आहे, एक पैसाही उतरलेला नाही. तेजीतल्या शेअरचा आरएसआय फार मोठ्या प्रमाणात अशाच रीतीने निवतो. काही दिवस भाव अरुंद पट्ट्यात रेंगाळतो, जुने मोठे चढ सरासरीतून विरळ होत जातात, आणि मग शेअर त्याच पातळीवरून पुढची चाल सुरू करतो. ज्याने ७० वर विकून घसरणीची वाट पाहिली, त्याला त्याची घसरण आरएसआयमध्ये दिसते, पण स्वस्तात घेण्याची संधी मात्र भावात कधी येतच नाही.

आता नियम कोणाचा, हा प्रश्न. आरएसआय जे. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ साली प्रसिद्ध केला. ते मूळचे यांत्रिकी अभियंते होते आणि त्यांची उदाहरणे प्रामुख्याने अमेरिकेतल्या कमॉडिटी फ्युचर्सच्या बाजारातली होती. १४ सत्रांचा कालावधी त्यांचा, आणि ७० व ३० या पातळ्याही त्यांच्याच, एवढे खरे आहे. ७० च्या वर बऱ्याचदा शिखरे आणि ३० च्या खाली बऱ्याचदा तळ तयार होतात, असे त्यांचे निरीक्षण होते. परंतु रेषा ओलांडली की लगेच विका, असे त्यांनी म्हटलेले नाही. उलट त्यांनी ज्याला भर दिला ती रचना चार टप्प्यांची आहे आणि ती ‘फेल्युअर स्विंग’ या नावाने ओळखली जाते. प्रथम आरएसआय ७० च्या वर जाऊन एक शिखर करतो. मग तो खाली येऊन एक खळगा करतो. त्यानंतर पुन्हा वर जातो, पण पहिले शिखर त्याला ओलांडता येत नाही. शेवटी तो आधीच्या खळग्याच्याही खाली उतरतो. हा चौथा टप्पा पूर्ण झाल्यावरच वाइल्डर त्याला उलटण्याची ठळक खूण मानत. त्याशिवाय, भावाने नवे शिखर करावे आणि आरएसआयने मात्र आधीपेक्षा बुटके शिखर करावे, या विसंगतीलाही ते महत्त्व देत. बाजारात तिला ‘डायव्हर्जन्स’ म्हणतात. म्हणजे मूळ पद्धतीत ७० ही पातळी लक्ष द्यायला कुठून सुरुवात करायची ते सांगते, आणि निर्णय त्यानंतर आरएसआय काय करतो यावर अवलंबून असतो. फिरणाऱ्या मजकुरात पहिला टप्पा राहिला आणि उरलेले तीन गळून पडले. वाइल्डर यांच्या नावावर हा अर्धवट नियम खपवला जातो याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्यांनी काळजीपूर्वक घातलेली अट काढून टाकून उरलेला भागच त्यांचा म्हणून सांगितला जात आहे.

हे सगळे प्रत्यक्ष बाजारात कसे दिसते, यासाठी निफ्टी ५० चा २०२१ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर हा काळ फार उपयोगी आहे, कारण त्यात या दाव्याच्या बाजूने आणि विरुद्ध बोलणारे सगळेच प्रसंग एकापाठोपाठ आले. पुढचे आरएसआयचे आकडे दैनंदिन बंद भावांवरून वाइल्डर यांच्या पद्धतीने काढलेले आणि अंदाजे आहेत. वेगवेगळ्या चार्टांवर त्यांत एखाद्या अंकाचा फरक पडू शकतो.

जून आणि जुलै २०२१ मध्ये निफ्टी १५,६०० ते १५,९०० च्या आसपास घोटाळत होता. ३ ऑगस्टला तो प्रथमच १६,००० च्या वर बंद झाला आणि १३ ऑगस्टच्या सुमारास, निफ्टी १६,५२९ वर असताना, आरएसआयने ७० ओलांडले. फिरणाऱ्या नियमाप्रमाणे विक्रीचा दिवस हाच. पुढच्या आठवड्यात निफ्टी १६,४५० पर्यंत उतरला खरा, म्हणजे अर्ध्या टक्क्याहून थोडा कमी, आणि विकणाऱ्याला आपण बरोबर होतो असे वाटावे इतकीच ती घसरण होती. त्यानंतर ३१ ऑगस्टला निफ्टी १७,१३२ वर बंद झाला आणि आरएसआय ८० च्या आसपास पोहोचला. १६ सप्टेंबरला निफ्टी १७,६२९ वर आणि आरएसआय ८४ च्या जवळ होता. ऑगस्टच्या ३० तारखेपासून १७ सप्टेंबरपर्यंत आरएसआय एकदाही ७० च्या खाली आला नाही आणि तेवढ्या काळात निर्देशांक साडेसहाशे अंशांनी वर गेला. ओव्हरबॉट स्थिती हाच या तेजीचा नित्याचा मुक्काम होता.

पुढचा भाग अधिक शिकवणारा आहे. २० सप्टेंबरला निफ्टी १८८ अंशांनी घसरला आणि आरएसआय ६८ च्या आसपास आला; हा झाला खळगा. मग निर्देशांक पुन्हा चढून २७ सप्टेंबरला १७,८५५ वर पोहोचला, म्हणजे १६ तारखेच्या शिखराच्या वर, पण आरएसआय मात्र ७८ च्याही खालीच थांबला. डायव्हर्जन्स इथे पहिल्यांदा दिसला. ३० सप्टेंबरला आरएसआय ६३ पर्यंत उतरून आधीच्या खळग्याखाली गेला आणि फेल्युअर स्विंगचे चारही टप्पे पूर्ण झाले. त्या दिवशी निफ्टी १७,६१८ वर होता. वाइल्डर यांची पूर्ण अट पाळून विकणाऱ्याला नुसत्या ७० वर विकणाऱ्यापेक्षा सुमारे १,०९० अंश जास्त मिळाले.

तरीही ती विक्री शिखरावरची ठरली नाही, हेही सांगितले पाहिजे. १ ऑक्टोबरला १७,५३२ वर बंद झालेला निफ्टी तिथून वळला आणि १८ ऑक्टोबरला १८,४७७ वर जाऊन पोहोचला, म्हणजे फेल्युअर स्विंगच्या विक्रीनंतर आणखी जवळपास पाच टक्के. त्या दिवशी आरएसआय ७८ च्या आसपास होता, म्हणजे सप्टेंबरमधल्या ८४ पेक्षा कमीच, आणि या वेळचा डायव्हर्जन्स खरा ठरला. तेव्हा पूर्ण अट पाळली तरी आरएसआय अचूक शिखर दाखवत नाही. अर्धवट अटीपेक्षा तो कमी वेळा आणि कमी मोठ्या प्रमाणात चुकतो, इतकाच माझा दावा आहे.

आता १३ ऑगस्टला १६,५२९ वर विकून भाव पडण्याची वाट पाहणाऱ्याकडे परत वळू. १८ ऑक्टोबरपर्यंत त्याच्या डोळ्यांदेखत १,९४८ अंश, म्हणजे पावणेबारा टक्क्यांहून अधिक वाढ निघून गेली. ऑगस्टमधली ती छोटी घसरण सोडली, तर निफ्टी १६,५२९ च्या खाली बंद झाला तो थेट २४ फेब्रुवारी २०२२ ला, रशियाने युक्रेनवर आक्रमण केले त्या दिवशी. म्हणजे भाव पडेल हे भाकीत खरे व्हायला सहा महिन्यांहून अधिक काळ आणि एक युद्ध लागले. इतक्या उशिरा आणि इतक्या वेगळ्या कारणाने झालेल्या घसरणीचे श्रेय ऑगस्टमधल्या ७० च्या आकड्याला देता येणार नाही.

चौथे विधान शिखरांच्या चार्टांचे. ते वस्तुस्थिती म्हणून बव्हंशी खरे आहे आणि म्हणूनच सर्वांत जास्त फसवते. २९ जानेवारी २०१८ ला निफ्टी ११,१३० वर बंद झाला तेव्हा आरएसआय ७० च्या बराच वर होता आणि २३ मार्चला निर्देशांक १०,००० च्याही खाली आला. असे चार्ट दाखवून नियम सिद्ध झाला असे सांगितले जाते. पण शिखर हे व्याख्येनेच चढानंतर येते, आणि नुकताच झालेला चढ म्हणजेच उंच आरएसआय. त्यामुळे शिखरे निवडून त्यांच्यावर आरएसआय पाहिला तर तो उंच दिसणारच. त्यात नवीन माहिती काही नाही. गुंतवणूकदारासमोरचा प्रश्न उलट दिशेने विचारायला हवा, की आरएसआय ७० च्या वर गेला त्या सगळ्या वेळा एकत्र पाहिल्या, तर त्यांपैकी किती वेळा लगेच शिखर आले. २०२१ च्या एकाच तेजीत आरएसआयने ७० ची रेषा खालून वर अनेकदा ओलांडली आणि शिखर आले ते शेवटच्या खेपेनंतर. शिखरांचे चार्ट गोळा करणारा बाकीच्या खेपा पाहातच नाही, कारण त्या जागी चार्टवर डोळ्यांत भरण्यासारखे काही घडलेले नसते. ज्यांना याची खातरजमा करायची असेल त्यांनी आपल्या आवडीच्या एका शेअरचा पाच वर्षांचा दैनंदिन चार्ट घ्यावा, आरएसआयने ७० वर पार केलेली प्रत्येक जागा खूण करून घ्यावी आणि त्यानंतरच्या वीस सत्रांत भाव कुठे गेला ते शेजारी लिहावे. हे काम एका संध्याकाळचे आहे आणि ते स्वतः केल्यावर इतर कोणाच्या शब्दावर विसंबण्याची गरज उरत नाही.

मग ७० वर विका आणि ३० वर घ्या हे कुठेच चालत नाही का? चालते, पण ज्या बाजारात दिशा नाही तिथे. एखादा शेअर महिनोन्महिने ४५० ते ५०० च्या पट्ट्यात वरखाली होत असेल, तर वरच्या कडेला आरएसआय ६५-७० पर्यंत जातो, खालच्या कडेला ३०-३५ पर्यंत येतो आणि दोन्ही ठिकाणी उलट व्यवहार फायद्याचा ठरतो. अडचण अशी की पट्टा तुटून भावाला दिशा मिळाली की तोच नियम प्रवाहाच्या विरुद्ध उभा करतो. अँड्र्यू कार्डवेल यांनी आरएसआयचा पुढे जो अभ्यास केला, त्यातले मुख्य निरीक्षण याच संदर्भातले आहे. तेजीत आरएसआय साधारण ४० ते ८० च्या दरम्यान राहतो, मंदीत तो साधारण २० ते ६० च्या दरम्यान राहतो, म्हणजे त्याचा वावरण्याचा पट्टाच सरकतो. त्यामुळे तेजीत खरी माहिती वरच्या कडेपेक्षा खालच्या कडेला मिळते. घसरण झाल्यावर आरएसआय ४० ते ५० च्या दरम्यान थांबून वळतो की त्याच्याही खाली जातो, हे पाहणे ७० वर गेल्याचे पाहण्यापेक्षा अधिक उपयोगाचे असते.

२०२१ च्याच उदाहरणात हे तपासता येते. १ ऑक्टोबर आणि ६ ऑक्टोबरच्या घसरणींत आरएसआय ५८-५९ पर्यंतच उतरला आणि दोन्ही वेळा निफ्टी पुन्हा चढला. पट्टा तेजीचाच होता. १८ ऑक्टोबरनंतरच्या घसरणीत मात्र तो महिनाअखेरीस ४३ च्या आसपास आला, नोव्हेंबरमध्ये भाव पुन्हा १८,१०० पर्यंत सुधारला तरी आरएसआय ६० ला पोहोचला नाही, आणि २२ नोव्हेंबरला निफ्टी एका दिवसात ३४८ अंशांनी पडून १७,४१६ वर आला तेव्हा आरएसआय ४० च्या खाली गेला. तेजीचा पट्टा मोडल्याची ही स्पष्ट खूण होती. ही खूण उशिरा मिळाली, शिखरापासून हजारभर अंश गेल्यावर मिळाली, हे मान्य करायलाच हवे. पण तेव्हाही निफ्टी १३ ऑगस्टच्या पातळीपेक्षा जवळपास ८९० अंशांनी वरच होता.

मजकुराच्या दुसऱ्या अर्ध्या भागाची, म्हणजे ३० वर घेण्याची, गोष्टही याच तर्काने चालते आणि तिथली चूक अधिक महाग पडू शकते. २८ फेब्रुवारी २०२० ला निफ्टी ११,२०१ वर बंद झाला तेव्हा आरएसआय ३० च्या खाली होता. त्या दिवशी केवळ तेवढ्यावरून खरेदी करणाऱ्याला २३ मार्चला ७,६१० चा भाव पाहावा लागला, म्हणजे सोळा सत्रांच्या आत जवळपास एक तृतीयांश भांडवल कागदावर नाहीसे झालेले.

व्यवहारात आरएसआय वापरणाऱ्यांसाठी काही गोष्टी सांगणे आवश्यक आहे, कारण त्यांच्यामुळे आकडाच चुकीचा दिसू शकतो. काही ठिकाणी आरएसआय वाइल्डर यांच्या सरकत्या पद्धतीऐवजी दर वेळी १४ सत्रांची साधी सरासरी घेऊन काढलेला असतो. तो अधिक उड्या मारतो आणि ७० अधिक वेळा ओलांडतो. नुकत्याच नोंदणी झालेल्या शेअरचा आरएसआयही फारसा विश्वासार्ह नसतो, कारण सुरुवातीच्या १४ सत्रांचा प्रभाव सरासरीतून विरळ व्हायला पुढची पन्नासेक सत्रे तरी लागतात. बोनस किंवा शेअर विभाजनानंतर जुने भाव जुळवून घेतलेले नसतील, तर एकास एक बोनसच्या दिवशी भाव निम्मा झालेला दिसतो आणि आरएसआय एकदम तळाशी जातो, प्रत्यक्षात भागधारकाचे काहीही गेलेले नसते. आणि ज्या छोट्या शेअरला रोज वरचे सर्किट लागत आहे, त्याची सरासरी घट शून्याजवळ जाऊन आरएसआय ९५-१०० दाखवतो. तिथे जोखीम भरपूर असते, पण ती कमी उलाढालीतून आणि भाव हाताळला जाण्याच्या शक्यतेतून आलेली असते, आणि तिचा अंदाज घेण्यासाठी पाहायचे ते उलाढालीचे आकडे.

शेअर हातात आहे आणि आरएसआय ७० च्या वर गेला आहे, अशा वेळी काय करावे, हा शेवटी खरा प्रश्न उरतो. आधी साप्ताहिक चार्ट पाहावा. साप्ताहिक आरएसआय ५० च्या आसपासून नुकताच वर निघाला असेल, तर दैनंदिन ७० बहुधा चालीची सुरुवात दाखवत असतो. साप्ताहिक आरएसआयही बराच काळ ७० च्या वर राहून बुटकी शिखरे करू लागला असेल, तर सावध होण्याला आधार आहे. दैनंदिन चार्टवर फेल्युअर स्विंग पूर्ण होईपर्यंत विक्रीऐवजी स्टॉपलॉस, म्हणजे भाव ठरलेल्या पातळीखाली गेला की शेअर विकण्याची आगाऊ सूचना, वर सरकवत नेणे हा मधला मार्ग आहे. तो अलीकडच्या घसरणीच्या तळाखाली ठेवला की तेजी चालू असेपर्यंत शेअर हातात राहतो आणि ती मोडली की आपोआप बाहेर पडता येते. एखाद्याचा शेअर त्याच्या एकूण गुंतवणुकीत फार मोठा झाला असेल, तर त्यातला काही भाग विकणे योग्यच आहे, पण ते कारण जोखमीच्या वाटपाचे आहे आणि आरएसआय ५५ असतानाही ते तितकेच योग्य असते.

विकून परत घेण्याचा खर्चही हिशेबात धरावा लागतो. नोंदणीकृत शेअर बारा महिन्यांच्या आत नफ्यात विकला तर २३ जुलै २०२४ पासून अल्पकालीन भांडवली नफ्यावर २० टक्के कर आहे, आणि डिलिव्हरीच्या व्यवहारांत खरेदी व विक्री या दोन्ही वेळी ०.१ टक्का एसटीटी, म्हणजे शेअर व्यवहारावरचा कर, लागतो. समजा ४०० रुपयांना घेतलेला शेअर काही महिन्यांनी आरएसआय ७० झाला म्हणून ५०० रुपयांना विकला. १०० रुपयांच्या नफ्यावर २० रुपये कर आणि दोन्ही वेळचा मिळून रुपयाभर एसटीटी गेला, तर पुन्हा तेवढेच शेअर घ्यायला हातात सुमारे ४७९ रुपये उरतात. अल्पकालीन तोटा किंवा करमुक्त मर्यादा यांचा आधार नसेल, तर भाव सव्वाचार टक्क्यांनी उतरल्याशिवाय हा फेरा बरोबरीतही सुटत नाही, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये ७० वर विकलेल्या निफ्टीने त्यानंतरच्या दोन महिन्यांत बंद भावांत जास्तीत जास्त अर्धा टक्का उतार दाखवला होता.